अश्अरींचा ‘कस्ब’ म्हणजे शेवटी जबरच ना? बसऱ्यातल्या जुन्या वादाबद्दल एक शंका

शंकेखोर
इस्लामी तत्त्वज्ञानाचा इतिहास हळूहळू वाचतोय, पण एका जागी गाडी अडली आहे. मुतझिला या तर्कवादी पंथाचे लोक म्हणतात की माणूस आपली कृत्यं स्वतः घडवतो, नाहीतर देवाने त्याला शिक्षा करणं अन्याय ठरेल. इथवर समजलं. जहम बिन सफवानसारखे लोक म्हणतात की माणूस वाऱ्यावरचं पान, सगळं देवच करतो. हेही समजलं. मग येतात अबुल हसन अल्-अश्अरी (मृत्यू 936). ते म्हणतात की कृत्य निर्माण करतो देव, माणूस ते फक्त ‘कमावतो’, म्हणजे कस्ब. आता निर्माण करणारा तोच असेल तर माझ्या हाती उरलं काय? मला हे जहमचंच म्हणणं, म्हणजे जबर, सक्ती वाटते, फक्त शब्द नवा. कुणी उलगडून सांगेल का? ‘श्रद्धेच्या गोष्टी तर्काने कळत नाहीत’ असं उत्तर कृपया नको. ही माणसं आयुष्यभर तर्कच करत होती.

तर्कट
तुमची शंका रास्त आहे आणि उत्तर सरळ आहे: राजकारण. उमय्या खलिफांना ‘जे घडतं ते देवाने आधीच ठरवलेलं’ हे मत सोयीचं होतं. आम्ही गादीवर आहोत म्हणजे देवाची तशी इच्छा आहे, कर वाढवला तर तेही नशिबात लिहिलेलं. याला विरोध करणारे बसऱ्याचे माबद अल्-जुहनी आणि दमास्कसचे घायलान दोघेही मारले गेले. पुढे मुतझिलांनी हाच झेंडा हाती घेतला. अब्बासी खलिफा मामूनच्या काळात त्यांचं राज्य आलं आणि मग सनातन्यांनी त्यांना चिरडलं. अहमद बिन हंबल तुरुंगात गेले ते याच स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून. अश्अरी म्हणजे त्या पराभवावर चढवलेलं तार्किक वेष्टण.

सुपारी
वाचतोय. खुर्ची मांडून बसलो आहे.

जुनी_वही
तर्कट, सुरुवात ठीक होती. शेवटी घसरलात.

माबद आणि घायलान मारले गेले हे खरं. पण माबद इब्न अल्-अश्अथच्या बंडात सामील होते, आणि ते बंड उमय्यांचा सुभेदार हज्जाज याच्याविरुद्ध साधारण 700 ते 703 मध्ये झालं. नुसत्या मताबद्दल मारले की बंडाबद्दल, हे वेगळं काढता येत नाही. घायलानना हिशामच्या कारकिर्दीत मारलं, म्हणजे 724 ते 743 च्या दरम्यान. सत्तेशी संबंध होताच. इब्न कुतैबांनी नोंदवलं आहे की माबद आणि अता बिन यसार हे हसन अल्-बसरींकडे जाऊन म्हणाले, हे राजे मुसलमानांचं रक्त सांडतात, मालमत्ता लुटतात आणि वर म्हणतात की आमची कृत्यं देवाच्या ठरावानेच होतात. हसन म्हणाले, देवाचे शत्रू खोटं बोलतात.

पण अहमद बिन हंबल तुरुंगात गेले ते कुराण निर्मित की अनादि, या प्रश्नावर. मामूनने 833 मध्ये सुरू केलेल्या त्या चौकशीत माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल प्रश्न नव्हता. मुतझिला त्या चौकशीच्या बाजूने होते हे खरं, आणि म्हणूनच ‘स्वातंत्र्यवादी विरुद्ध दडपशाहीवादी’ अशी सोपी वाटणी इथे लागू पडत नाही. माणूस स्वतंत्र आहे असं मानणारेच लोकांकडून मत वदवून घेत होते.

शंकेखोर, तुमच्या मूळ प्रश्नावर संध्याकाळी सवडीने लिहिते. घाईत लिहिण्यासारखा नाही.

तर्कट
मुद्दा मान्य नाही. कुराण निर्मित मानणं आणि माणूस कर्ता मानणं ही दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत. देवाबरोबर दुसरं काही अनादि नको आणि देव अन्यायी नको, तौहीद आणि अद्ल. मुतझिला स्वतःला म्हणवतच होते ‘न्याय आणि एकत्वाचे लोक’.

जुनी_वही
ते स्वतःला तसं म्हणवत होते हे बरोबर. पण एका झाडाची दोन फळं आहेत म्हणून एका फळाचा खटला दुसऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही.

रफिक_रत्नागिरी
नमस्कार. मी आलिम नाही, पण मदरशात चार वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लिहितो. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई कायदेपंथाचे, त्यामुळे अकीद्यात, म्हणजे श्रद्धेच्या सिद्धांतात, अश्अरींचं नाव लहानपणापासून कानावर पडलेलं.

आमचे एक मामू रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून बसले होते. का, तर ‘मौत लिहिलेली आहे ती पुढे-मागे होत नाही’. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी त्यांना हजरत उमरची सर्घची हकीकत सांगितली. इ.स. 639 च्या सुमाराला शामकडे, म्हणजे सीरियाकडे जाताना वाटेत सर्घला कळलं की पुढे प्लेग आहे. उमर माघारी वळले. अबू उबैदा म्हणाले, देवाच्या ठरावापासून पळताय? उमर म्हणाले, हो, देवाच्या ठरावापासून देवाच्याच ठरावाकडे. आणि विचारलं, तुझे उंट अशा दरीत उतरले की जिची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड, तर हिरव्या बाजूला चारलेस तरी देवाच्या ठरावानेच ना, आणि उजाड बाजूला चारलेस तरी? मामूंनी गोळ्या सुरू केल्या. मला वाटतं शंकेखोरसाहेबांचं उत्तर यातच आहे. सगळं लिहिलेलं आहे आणि तरी तुम्ही वळायचं आहे. अश्अरी यापेक्षा वेगळं काही सांगत नाहीत.

गोदातीर
रफिकभाई, मस्त. आपल्याकडे हेच प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध भोगून संपवायचं, क्रियमाण हाती. म्हणजे अश्अरी आणि आपले संत एकच सांगतात. सर्व धर्मांचं सार एक, हे पुन्हा सिद्ध झालं.

सुपारी
गोदातीरकाका, धागा अजून पहिल्या पानावर आहे आणि तुम्ही समारोप केलात!

जुनी_वही
आता बसते लिहायला.

रफिकभाई, सर्घची हकीकत बुखारींच्या संग्रहात आहे आणि सुरेख आहे. पण ती परंपरावाद्यांचं उत्तर आहे, अश्अरींचं नाही. परंपरावादी म्हणायचे की ठराव आहे, जबाबदारीही आहे, दोन्ही मान आणि ‘कसं’ विचारू नकोस. त्याच संग्रहात अजून एक हदीस आहे. एका दफनाच्या वेळी पैगंबर काठीने जमीन उकरत म्हणाले की प्रत्येकाची जागा, स्वर्गातली किंवा नरकातली, लिहिली गेली आहे. लोकांनी विचारलं, मग आम्ही त्या लिखितावर विसंबून बसू का? ते म्हणाले, काम करत राहा, ज्याला ज्यासाठी घडवलंय त्याला ते सोपं केलं जातं. अहमद बिन हंबलांना मानणारी हंबली मंडळी इथे थांबतात, आणि हे थांबणं त्यांना पळवाट वाटत नाही. अश्अरींचं पाप त्यांच्या नजरेत हेच की ते थांबले नाहीत. मुतझिला सोडून आल्यावरही त्यांनी कलामचीच, म्हणजे तर्काने चालणाऱ्या धर्मचर्चेचीच हत्यारं वापरली, म्हणून बगदादचे हंबली त्यांच्याकडे शेवटपर्यंत संशयाने बघत राहिले.

आता मूळ शंका. मी हात वर केला. इथे भांडण ‘मी स्वतंत्र आहे का’ यावर नव्हतंच. भांडण होतं हात वर करण्याचं सामर्थ्य माझ्यात *केव्हा* होतं यावर.

मुतझिला म्हणतात, कृत्याच्या आधी. आधीच्या क्षणी माझ्यात ताकद आहे आणि ती दोन्हीकडची आहे, हात उचलण्याची आणि न उचलण्याचीही. पुढच्या क्षणी कृत्य होतं. त्यांच्यातले अबुल हुझैल तर क्षणच वाटून देतात, पहिला क्षण ‘करतो’चा, दुसरा ‘केलं’चा. या दोन क्षणांमधल्या फटीत माणसाची जबाबदारी बसते. त्याला दुसरं करता आलं असतं, म्हणून शिक्षा न्याय्य.

अश्अरी ही फटच बुजवतात. त्यांचं म्हणणं असं की सामर्थ्य हा एक गुण आहे, रंग किंवा हालचाल यांच्यासारखा, आणि असे गुण दोन क्षण टिकत नाहीत. देव ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो. मग आधीच्या क्षणी असलेलं सामर्थ्य कृत्याच्या क्षणी उरलेलंच नसेल, तर कृत्य झालं कशाने? म्हणून सामर्थ्य कृत्याबरोबरच निर्माण होतं, आणि त्याच एका कृत्यासाठी, उलट कृत्यासाठी नाही.

‘मग हे जबरच’ असं तुम्ही म्हणाल. त्यावर ते ‘किताब अल्-लुमा’मध्ये एक साधं उदाहरण देतात. पक्षाघाताने किंवा तापाने थरथरणारा माणूस आणि स्वतःहून ये-जा करणारा माणूस. दोन्ही हालचाली देवानेच निर्माण केलेल्या. पण दोन्हींतला फरक प्रत्येकाला आतून, कुणी न शिकवता कळतो. पहिलीत लाचारी आहे, दुसरीत नाही. ज्या हालचालीबरोबर माझ्यात सामर्थ्यही निर्माण झालं, ती माझी कमाई. जहमला हा फरक मांडायला जागाच नव्हती. त्याच्याकडे थरथरणारा हात आणि लिहिणारा हात सारखेच.

शंकेखोर
ताई, फार आभार. पण मग फरक फक्त अनुभवाचा झाला ना? मला वाटतं की मी करतोय, एवढंच. माझ्यातलं ते सामर्थ्य कृत्यावर काही *परिणाम* करतं का?

जुनी_वही
अश्अरींच्या मते नाही. परिणाम करणारा एकच. नेमकं इथेच त्यांच्या गळ्याशी येतं, आणि त्यांच्या विरोधकांनाच नाही तर त्यांच्या शिष्यपरंपरेलाही ते जाणवलं. अरबीत एक टोमणा आहे की तीन गोष्टींना नाव आहे पण वस्तू नाही: अश्अरींचा कस्ब, मुतझिलांतल्या अबू हाशिमचा ‘हाल’, म्हणजे असणं आणि नसणं यांच्या मधली अवस्था, आणि त्यांच्यातल्याच नझ्झामची ‘तफ्रा’ म्हणजे उडी.

बाकिल्लानींनी (मृत्यू 1013) वाट काढायचा प्रयत्न केला. अनाथ मुलाला मारलेली चापट घ्या. चापट म्हणून जे घडतं ते देवाचं, पण ती शिस्त लावण्यासाठी आहे की छळण्यासाठी, हा रंग माणसाच्या सामर्थ्याने येतो. जुवैनी (मृत्यू 1085) एका उशिराच्या ग्रंथात त्याहून पुढे गेले. माणसाच्या सामर्थ्याचा काहीच परिणाम नसेल तर आज्ञा देण्याला अर्थ नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. म्हणजे शंकेखोर, तुमच्या आधी जवळजवळ हजार वर्षं तुमच्याच बाजूने एक अश्अरी उभा आहे.

रफिक_रत्नागिरी
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं! आम्हाला एवढंच पाठ: खालिक अल्लाह, कासिब बंदा.

कोर्टाबाहेर
मी फौजदारी वकील, त्यामुळे धर्माचं सोडून विचारतो. एकाने बाण सोडला. बाण हवेत असताना तो हृदयविकाराने मेला. बाण लागून दुसरा मेला. खुनी कोण? सामर्थ्य कृत्याबरोबरच हवं असेल तर मरणाच्या क्षणी मारणारा जिवंतच नाही. आमच्याकडे आरोपी मेला की खटला संपतो, ते सोडा. पण ‘कृत्य कुणाचं’ याचं उत्तर यांच्याकडे काय?

जुनी_वही
वकीलसाहेब, तुम्ही नकळत त्यांचंच उदाहरण दिलंत. बाण आणि मेलेला तिरंदाज, यावर मुतझिलांनी आपापसांत रक्त आटवलं आहे. अश्अरींच्या ‘मकालात’ या पंथांची मतं नोंदवणाऱ्या ग्रंथामध्ये ती सगळी मतं जपलेली सापडतात.

प्रश्न असा की माझं कृत्य माझ्या शरीरापाशी संपतं की त्यातून पुढे जे उपजतं तेही माझंच? अबुल हुझैल म्हणतात, तेही माझंच, आणि त्यामुळे मेलेला माणूसही मृत्यूनंतर मारण्याचा कर्ता असू शकतो. मुतझिलांच्या बगदाद शाखेचे प्रवर्तक बिश्र बिन अल्-मुतमिर याहून सैल. कुणी फालूदज नावाचा गोड पदार्थ शिजवला तर त्याची चवसुद्धा शिजवणाऱ्याचं कृत्य! नझ्झाम दुसऱ्या टोकाला. माणसाच्या हाती फक्त स्वतःच्या आतली हालचाल, दगड हातातून सुटला की देवाने दगडात घातलेल्या स्वभावाने तो जातो. सुमामा बिन अश्रस यांनी तर सांगून टाकलं की अशा उपजलेल्या कृत्यांना कर्ताच नाही.

म्हणजे ‘माणूस आपल्या कृत्यांचा निर्माता’ हे घोषवाक्य सगळ्यांचं एक, पण कृत्याची हद्द कुठे यावर एकमत नाही. तर्कट, तुमचा तर्कनिष्ठ गट हा असा होता.

तर्कट
मतभेद म्हणजेच तर्क जिवंत असल्याची खूण. परंपरावाद्यांकडे एवढे मतभेद दाखवा.

कोर्टाबाहेर
आणि मेलेला माणूस, बाण लागला नसता तर जगला असता का? नुकसानभरपाईचा सगळा हिशोब यावर उभा असतो.

जुनी_वही
यावरही दोन तट. अबुल हुझैल म्हणतात, नसता जगला, त्याच घटकेला तसाच मेला असता, कारण आयुष्याची मुदत ठरलेली. बगदादवाले म्हणतात, जगला असता. बघा, स्वातंत्र्यवादी अबुल हुझैल मृत्यूच्या वेळेबाबत मात्र ठरावाच्या बाजूला. आणि काझीच्या समोर यातलं काहीच चालत नसे. बाण मारणारा तो मारेकरी, सूडाचा किंवा रक्तमोलाचा हक्क वारसांचा. ठराव मानणाऱ्या काझींनीही कधी ‘देवाने मारलं’ म्हणून आरोपी सोडले नाहीत.

गोदातीर
माझ्या प्रारब्धाच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही.

जुनी_वही
गोदातीरकाका, बोलते. प्रारब्धात तुमच्या आजच्या भोगाला तुमचंच मागचं कर्म कारण असतं. कलाममध्ये मागचा जन्म नाही. त्यामुळे जन्मतः आजारी मूल हा त्यांना फार टोचणारा प्रश्न. अश्अरी म्हणतात, देवाचं राज्य आहे, तो करेल ते न्याय्य, त्याच्यावर कसलं बंधन? मुतझिलांना हे चालत नाही. ते म्हणतात की देवाला त्या वेदनेची भरपाई परलोकात द्यावीच लागते, मुलाला आणि जनावरालाही. काझी अब्दुल जब्बार (मृत्यू 1025) यांनी या भरपाईवर पानंच्या पानं लिहिली आहेत.

आणि तुम्हाला आवडेल असं एक: नझ्झामच्या शिष्यांतल्या अहमद बिन हाबितने पुनर्जन्मच मान्य केला, याच प्रश्नापोटी. न्याय वाचवायचा तर मागचा जन्म हवा, असा त्याचा रस्ता. त्याच्या बाकीच्या पंथाने त्याला झटकून टाकलं. तेव्हा ‘सार एक’ म्हणण्याऐवजी, एकाच अडचणीतून एक माणूस तुमच्या दारापर्यंत आला आणि त्याला घरचे दरवाजे बंद झाले, असं म्हणा.

गोदातीर
दारापर्यंत आला, एवढं मला पुरे.

शंकेखोर
याच संदर्भात ती तीन भावांची गोष्ट ना? अश्अरींनी गुरू जुब्बाईंना विचारलं: एक भाऊ श्रद्धावान मेला, एक काफिर, एक लहानपणीच. लहानग्याने म्हटलं, मलाही मोठं होऊ दिलं असतंस तर मी पुण्य केलं असतं. देव म्हणेल, तू पापी निघाला असतास, तुझ्या भल्यासाठी आधी उचललं. मग काफिर ओरडेल, मलाही लहानपणीच का नाही उचललंस? जुब्बाई निरुत्तर, अश्अरी पंथ सोडून बाहेर. हे वाचून मुतझिला हरल्यासारखेच वाटले.

जुनी_वही
गोष्ट फर्मास आहे, म्हणूनच ती सगळीकडे आहे. पण मला ती घडलेली वाटत नाही. एक तर अश्अरींचे कैवारी चरित्रकार इब्न असाकिर पंथ सोडण्याचं कारण म्हणून रमजानमधली स्वप्नं सांगतात. दुसरं, ‘देवाने प्रत्येकाचं सर्वांत भलं केलंच पाहिजे’ हा कडक नियम बगदाद शाखेचा. जुब्बाई बसऱ्याचे. ते ही सक्ती धर्माची आज्ञा पाळता येण्याइतपतच मानत. मुलाला जगवणं त्यांच्या दृष्टीने देवाची कृपा, बंधन नव्हे. ते या सापळ्यात सापडलेच नसते. गोष्ट बाण मारते बगदादवर आणि पाडते बसऱ्याच्या म्हाताऱ्याला.

रफिक_रत्नागिरी
ताई, पण गोष्ट खोटी असली तरी प्रश्न खरा आहे. काफिर भावाचं उत्तर बगदादवाल्यांकडे काय?

जुनी_वही
एक उत्तर असं देतात की त्याला वाढू देणं, आज्ञा देणं, निवडीची संधी देणं हेच त्याचं भलं, त्याने ती वाया घालवली. मला ते अपुरं वाटतं, कारण लहानग्याला तीच संधी नाकारली आहे. पण अश्अरींच्या बाजूलाही असाच काटा आहे. पैगंबरांचा विरोधक काका अबू लहब, त्याचं उदाहरण घ्या. कुराणात तो आगीत जाणार असं त्याच्या हयातीतच सांगितलं. त्याच वेळी त्याला कुराणावर विश्वास ठेवायची आज्ञा. म्हणजे ‘मी विश्वास ठेवणार नाही’ यावर विश्वास ठेव! अश्अरी हे झटकत नाहीत, उलट पुढे करतात: बघा, न झेपणारी आज्ञा देव देऊ शकतो.

तर्कट
आणि तुम्हाला हे पटतं?

जुनी_वही
मुतझिला म्हणतात, देवाला आधीच *ठाऊक* असणं म्हणजे देवाने *करवणं* नव्हे, अबू लहबला विश्वास ठेवता आला असता. मला ते जास्त पटतं. पण ‘आला असता’ म्हणजे देवाचं सांगणं खोटं ठरू शकलं असतं का, यावर ते पाय घोटाळतात.

कोर्टाबाहेर
शिक्षेबाबत एक राहिलं. सामर्थ्य फक्त झालेल्या कृत्याचंच असेल, तर काफिराकडे श्रद्धेचं सामर्थ्यच नाही. मग त्याला दोष कशाचा? पांगळ्याला धावला नाहीस म्हणून दंड केल्यासारखं.

जुनी_वही
अश्अरी ‘पांगळा’ हा शब्दच नाकारतात. पांगळ्यात व्यंग आहे. काफिरात व्यंग नाही, तो उलट गोष्टीत गुंतलाय म्हणून ही गोष्ट त्याच्याकडून होत नाही. बसलेल्या माणसाला त्याच क्षणी उभं राहता येत नाही, कारण तो बसलाय.

कोर्टाबाहेर
पण त्याला बसवलं कुणी?

सुपारी
वकीलसाहेबांची उलटतपासणी सुरू. ताई, चहा घेऊन या.

जुनी_वही
देवानेच. अश्अरी ते लपवत नाहीत. याच प्रश्नावर समरकंदचे मातुरीदी (मृत्यू 944) वेगळे होतात. ते म्हणतात कृत्य निर्माण देवाचं, पण कुठे वळायचं ही निवड माणसाची. वायव्येकडून आपल्याकडे आलेले हनफी बहुतेक त्यांच्या वाटेचे. रफिकभाईंची शाफई मंडळी अश्अरींची.

रफिक_रत्नागिरी
म्हणजे घाटावरच्या माझ्या सासुरवाडीच्या अकीद्यात मला निवड आहे आणि आमच्यात नाही? बायकोला सांगायला हवं.

शंकेखोर
माझं अजून एकच अडतंय. ‘निवड माणसाची’ म्हणताना मातुरीदी ती निवडसुद्धा निर्माण झालेली गोष्ट मानतात की नाही? मानत असतील तर पुन्हा तिथेच आलो.

जुनी_वही
त्यांच्या नंतरच्या मंडळींनी त्यावर उत्तर दिलं की ती निवड धड ‘असलेली’ही नाही आणि ‘नसलेली’ही नाही, म्हणून तिला निर्मात्याची गरज नाही. अबू हाशिमच्या ‘हाल’ला हसणाऱ्यांच्याच घरात तसलीच वस्तू आली, असं मला वाटतं. पण इथले कुणी मातुरीदी वाचलेले असतील तर त्यांनी मला खोडावं. उद्या दिवसभर मी प्रवासात आहे, परवा वाचेन.